पाठदुखीसोबत लघवी अडली तर: कॉडा इक्विना सिंड्रोमविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मणक्याची ऑपरेशने करणारा डॉक्टर आहे. चकती सरकलेले रुग्ण रोज येतात. त्यांतल्या बहुतेकांना मी औषधे घ्या, थोडी विश्रांती घ्या, सहा आठवड्यांनी दाखवा, असे सांगून घरी पाठवतो. पण काही रुग्णांना सहा आठवडे सोडाच, उद्याची सकाळसुद्धा परवडत नाही. ते कसे ओळखायचे आणि लघवीच्या बाबतीत एवढी घाई का, हे नातेवाईक मला पुन्हा पुन्हा विचारतात. ती उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

कॉडा इक्विना म्हणजे नेमके काय?

मेंदूतून निघालेला मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. त्याखाली मणक्याच्या पोकळीत नसांचा एक मोकळा झुपका पाण्यात लोंबत असतो. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो, म्हणून त्याला लॅटिनमध्ये हे नाव पडले. पायांना ताकद देणाऱ्या नसा यातच असतात. लघवी, शौच, लैंगिक क्रिया आणि बैठकीच्या जागेची संवेदना सांभाळणाऱ्या नसाही यातच असतात.

या शेवटच्या नसा अगदी बारीक असतात आणि झुपक्याच्या मधोमध असतात. चकती एका बाजूला सरकली तर पायाला जाणारी एखादी नस दाबली जाते आणि नेहमीची सायटिका होते. मोठा तुकडा सरळ मधोमध मागे आला तर सगळा झुपका चेपला जातो. हे बहुतेक वेळा कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये किंवा त्याखालच्या चकतीत घडते. गाठ, पू, क्षयरोग, फ्रॅक्चर किंवा ऑपरेशननंतर साचलेले रक्त यांमुळेही तसाच दाब येतो. इथे मी चकतीबद्दलच लिहितो आहे, कारण सर्वाधिक रुग्ण तिचेच असतात.

पाठदुखी तर घरोघरी आहे. धोक्याची खूण कोणती?

नुसती पाठ दुखणे ही धोक्याची खूण नाही. एका पायात कळ जाणेही नाही. पुढीलपैकी काहीही नव्याने सुरू झाले तर मात्र त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, रुग्णालय गाठा: आधी एका पायात असलेली कळ दोन्ही पायांत उतरणे, पायांतली ताकद कमी होत जाणे, बैठकीच्या जागेत बधिरपणा येणे, लघवी किंवा शौचाच्या सवयीत बदल होणे, लैंगिक संवेदना हरवणे.

बधिरपणाचा प्रश्न विचारायची एक पद्धत आहे. "तिथे बधिर वाटतं का?" असे विचारले की रुग्ण लाजून "नाही" म्हणतो. म्हणून मी विचारतो, "शौचानंतर धुताना पाण्याचा गारवा दोन्ही बाजूंना सारखा कळतो का?" मग रुग्ण थबकतो. कोणी म्हणते, "डाव्या बाजूला पाणी पडतंय हे दिसतं, कळत नाही." कोणी म्हणते, "गाडीच्या सीटवर उशी ठेवल्यासारखं वाटतं." घोड्यावर बसल्यावर खोगिराला टेकतो तेवढा भाग डोळ्यांसमोर आणा. बधिरपणा तिथे येतो: गुदद्वाराभोवती, जननेंद्रियांवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला. सुरुवातीला तो एकाच बाजूला आणि अर्धवट असू शकतो. अर्धवट आहे म्हणून तो दुर्लक्षित करू नका. उलट, उपचाराची सर्वांत चांगली वेळ तीच असते.

लघवी "बंद" झाली तरच काळजी करायची ना?

नाही. सगळ्यांत जास्त नुकसान याच गैरसमजाने होते.

मूत्राशय भरल्याची जाणीव आणि ते आकुंचन पावण्याचा हुकूम हे दोन्ही त्रिकास्थीजवळच्या दुसऱ्या ते चौथ्या नसांतून जातात. त्या दबल्या की आधी जाणीव बोथट होते. दोन-दोन तासांनी लघवीला उठणारा माणूस सकाळपासून गेलेलाच नसतो आणि त्याला ते लक्षातही आलेले नसते. मग लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार बारीक होते, पोटावर जोर द्यावा लागतो. धार बाहेर पडताना तिचा स्पर्श जाणवत नाही. शेवटी मूत्राशय पूर्ण थकते आणि तुडुंब भरूनही दुखत नाही. साध्या मुतखड्यात किंवा प्रोस्टेटच्या त्रासात लघवी अडली की माणूस तडफडतो. इथे ओटीपोट तट्ट फुगलेले असते आणि रुग्ण शांत पडलेला असतो. त्या शांतपणाने फसू नका.

याच्या पुढच्या टप्प्यात कपडे ओले होऊ लागतात. नातेवाईकांना वाटते, लघवी होते आहे, बरे झाले. प्रत्यक्षात भरलेली टाकी वरून सांडत असते.

म्हणून डॉक्टर या आजाराचे दोन ठळक टप्पे मानतात. पहिल्यात जाणीव, धार किंवा ताबा बिघडलेला असतो, पण रुग्ण स्वतःहून लघवी करू शकतो. हा अपूर्ण टप्पा. दुसऱ्यात लघवी पूर्ण तुंबलेली असते किंवा नुसती सांडत असते. हा तुंबलेला टप्पा. ऑपरेशनच्या वेळी रुग्ण कोणत्या टप्प्यावर आहे, यावर मूत्राशयाचे पुढचे भवितव्य सर्वांत जास्त ठरते.

घरी जवाचे पाणी, शहाळे देऊन पाहावे का?

कृपा करून देऊ नका. अडचण लघवी तयार होण्यात नाही, बाहेर पडण्यात आहे. जास्त पाणी पाजले की आधीच ताणलेले मूत्राशय आणखी ताणले जाते आणि त्याच्या स्नायूला स्वतंत्र इजा होते. नस नंतर सुधारली तरी असा ताणलेला स्नायू नीट आकुंचन पावत नाही. मालिश, मणका "बसवणे" आणि वजन लावून ओढणे यांपैकी काहीही अशा वेळी करू नका.

डॉक्टर कोणती तपासणी करतात?

टाचणीच्या टोकाने आणि कापसाने गुदद्वाराभोवतीची संवेदना दोन्ही बाजूंना तपासली जाते. पायांची ताकद आणि प्रतिक्षिप्त क्रिया पाहिल्या जातात. गुदद्वाराच्या स्नायूचा ताण बोटाने पाहतात, पण त्या एकाच तपासणीवर निर्णय ठेवू नये, कारण दोन डॉक्टरांचा अंदाज सहज वेगळा येतो.

मला सर्वांत उपयोगी पडते ती लघवीनंतरची सोनोग्राफी. रुग्णाला लघवी करून यायला सांगायचे आणि मूत्राशयात किती उरली ते लगेच मोजायचे. निरोगी माणसात फार थोडी उरते. २०० मिलिलिटरपेक्षा जास्त उरत असेल तर संशय चांगलाच बळावतो. पण कमी उरली म्हणजे आजार नाही, असे मात्र म्हणता येत नाही. अपूर्ण टप्प्याच्या सुरुवातीला रुग्ण जोर लावून मूत्राशय बऱ्यापैकी रिकामे करतो. आकडा लहान आणि बधिरपणा खरा असेल तर बधिरपणावर विश्वास ठेवावा.

कॅथेटर घालायची वेळ आली तर दोन गोष्टी कागदावर लिहून घ्यायला सांगा: किती लघवी निघाली आणि नळी घालताना रुग्णाला ती जाणवली का. नळी हलकेच ओढल्यावर मूत्राशयात ओढ जाणवते का, हेही पाहता येते. अजिबात जाणवत नसेल तर नसांचा प्रश्न आहे, असे धरून चालावे.

ट्रामाडॉलमुळेही लघवी अडते म्हणतात. मग काय?

खरे आहे. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके, अॅमिट्रिप्टिलीन आणि नुसती तीव्र वेदनासुद्धा लघवी अडवू शकते. त्यामुळे एमआरआय केलेल्या बऱ्याच संशयितांमध्ये झुपका दबलेला सापडत नाही. पण औषधाला दोष द्यायचा तो एमआरआय स्वच्छ आल्यानंतर, आधी नाही. स्वच्छ एमआरआयचा खर्च वाया गेला असे मी मानत नाही.

एमआरआय कधी आणि कुठला?

संशय आला त्या क्षणी, कमरेचा. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, चकती आणि नसा दिसत नाहीत. म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे" या वाक्याला इथे काही अर्थ नाही. इंग्लंडच्या २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्यात असा संशय असलेल्या रुग्णाचा एमआरआय मागणी केल्यापासून ४ तासांच्या आत व्हावा असे म्हटले आहे, मग रात्र असो की रविवार. आपल्याकडे तालुक्याच्या गावी हे कठीण आहे हे मला माहीत आहे. म्हणून पहिला फोन "रात्री एमआरआय चालू आहे का आणि मणक्याचा सर्जन आहे का" हे विचारायला करा. दोन्ही एकाच ठिकाणी असतील तर दूर पडले तरी सरळ तिथे जा. एका गावात एमआरआय, मग अहवालाची वाट, मग दुसऱ्या गावात सर्जन, अशा फेऱ्यांत अख्खा दिवस जातो.

छापील अहवालासाठी थांबायचे नसते. उभ्या छेदाची चित्रे तयार झाली की सर्जन ती स्क्रीनवर पाहून निर्णय घेतो. पोकळीतले पाणी पांढरे दिसते. दबलेल्या पातळीवर ते पांढरे दिसेनासे होते आणि नसांचा झुपका एका काळ्या गोळ्याने भिंतीला चिकटवलेला दिसतो. कमरेचा एमआरआय स्वच्छ असेल आणि लक्षणे खरी असतील तर वरचा मणकाही पाहावा लागतो, कारण दाब मज्जारज्जूवर असू शकतो. जुन्या पेसमेकरसारख्या कारणाने एमआरआय शक्य नसेल तर सीटी स्कॅन करतात. गरज पडल्यास त्यासाठी मणक्यात डाय सोडतात.

"४८ तास आहेत हातात" असे ऐकले. खरे का?

हा आकडा आला कुठून ते आधी सांगतो. २००० साली ३२२ रुग्णांच्या जुन्या नोंदी एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांची लघवी, शौच आणि संवेदना उशिरा ऑपरेशन झालेल्यांपेक्षा चांगली सुधारली, असे त्यात दिसले. तेव्हापासून ४८ हा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला.

पण त्यातून "४८ तासांपर्यंत काही बिघडत नाही" असा अर्थ निघत नाही. नसांचे नुकसान घड्याळाचा काटा पाहून सुरू होत नाही, ते पहिल्या तासापासून वाढत असते. शिवाय त्या नोंदींत अपूर्ण आणि तुंबलेल्या टप्प्याचे रुग्ण एकत्र होते. नंतरच्या अभ्यासकांनी हे दोन गट वेगळे काढले तेव्हा चित्र बदलले. अपूर्ण टप्प्यात लवकर, विशेषतः २४ तासांच्या आत, दाब काढला तर मूत्राशय वाचण्याची शक्यता लक्षणीय जास्त असते. लघवी पूर्ण तुंबल्यावर तासांचा फरक तेवढा स्पष्ट दिसत नाही, काहींना तो अजिबातच दिसला नाही.

माझ्या मते यातून एकच व्यावहारिक निष्कर्ष निघतो. खरी शर्यत ४८ तासांशी नसते, लघवी तुंबण्याच्या क्षणाशी असते. अपूर्ण टप्प्यातला रुग्ण तुंबलेल्या टप्प्यात कधी जाईल ते सांगता येत नाही. काहींना दिवस लागतात, काहींना एक रात्र पुरते.

मग लघवी आधीच तुंबली असेल तर घाईचा उपयोग नाही?

आहे. तुंबलेल्यांमध्येही सुधारणारे रुग्ण असतात आणि कोण सुधारेल हे आधी ओळखता येत नाही. गुदद्वाराजवळ थोडी जरी संवेदना उरली असेल तर आशा जास्त असते. नेमके कधी तुंबले हेही बऱ्याचदा कोणालाच ठाऊक नसते. अशा रुग्णाचे ऑपरेशनही मी थकलेल्या टीमकडून पहाटे तीनला घाईघाईने करण्यापेक्षा सकाळच्या पहिल्या यादीत, पूर्ण तयारीने करणे एखाद्या वेळी पसंत करीन. अपूर्ण टप्प्यातल्या रुग्णाला मात्र सकाळपर्यंत थांबवणार नाही.

एखादे उदाहरण सांगाल?

दोन सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि सारख्या रुग्णांच्या गोष्टी एकत्र केल्या आहेत.

पहिला रुग्ण चाळिशीचा, बाजार समितीत हमाली करणारा. उजव्या पायातली सायटिका जुनीच. सोमवारी कांद्याची गोणी उचलताना पाठीत लचक भरली आणि रात्री दोन्ही पायांत कळा सुरू झाल्या. मंगळवारी सकाळी सातला शौचानंतर धुताना स्पर्श कळेना. कोणाला सांगायचे म्हणून तो गप्प राहिला. दुपारी इंजेक्शन घेतले. रात्री नऊला जोर देऊन थोडीशी लघवी झाली, त्यानंतर नाहीच. घरच्यांनी पाणी पाजले. बुधवारी अकराला सोनोग्राफीत मूत्राशयात ९०० मिलिलिटर लघवी दिसली. प्रोस्टेट समजून नळी घातली गेली, पोट हलके झाले आणि सगळे निर्धास्त झाले. नळी घालताना तो हूं की चूं करत नव्हता, हे तिथे कोणाच्या लक्षात आले नाही. संध्याकाळी पाऊल उचलेना म्हणून तो आमच्याकडे आला. साडेआठला एमआरआय झाला, चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीचा मोठा तुकडा मधोमध होता. रात्री बाराला ऑपरेशन झाले.

हिशेब करा. बधिरपणापासून ४१ तास झाले होते, म्हणजे ४८ च्या आत. तरी लघवी तुंबून २७ तास उलटले होते. पाय सहा आठवड्यांत सुधारले, लघवी सुधारली नाही.

दुसरी रुग्ण शिक्षिका, पस्तिशीची. महिनाभर एका पायात सायटिका होती. दुपारी बाराला तिला जाणवले की खुर्चीवर बसल्यावर डावी बाजू लागत नाही. पाचपर्यंत लघवीची धार बारीक झाली. तिने बहिणीला फोन केला आणि बहिणीने तिला तासाभरात रुग्णालयात आणले. लघवीनंतर २२० मिलिलिटर उरलेली होती. रात्री नऊला एमआरआय झाला. पहाटे चारच्या आत तुकडा बाहेर निघाला, म्हणजे पहिल्या बधिरपणापासून १६ तासांत. तिसऱ्या दिवशी नळी काढली आणि लघवी व्यवस्थित झाली. डाव्या बाजूचा थोडा बधिरपणा अनेक महिने राहिला.

दोन रुग्णांवरून काही सिद्ध होत नाही. तुकडे दोघांचे जवळपास सारख्याच आकाराचे होते, एवढे मात्र मी स्वतः पाहिले आहे.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

मणक्याच्या मागच्या कमानीचा भाग काढून पोकळी उघडतात, नसांचा झुपका जपून बाजूला घेतात आणि चकतीचा तुकडा काढतात. नेहमीच्या सायटिकापेक्षा इथे खिडकी मोठी ठेवतात, कारण आधीच चेपलेल्या नसा लहान फटीतून ओढल्या तर आणखी दुखावतात. ऑपरेशन दाब काढते. मेलेल्या नसतंतूंना जिवंत करत नाही. पायाची कळ लगेच थांबते, म्हणून घरच्यांना वाटते की लघवीही उद्या सुरू होईल. तसे होईलच असे नाही, हे मी ऑपरेशनच्या आधीच सांगतो.

नंतर लघवी सुधारायला किती दिवस लागतात?

काहींना दिवस, काहींना महिने. सुधारणा वर्षभर, कधी दोन वर्षे किंवा त्याहूनही जास्त काळ चालू राहते. पाय आधी सुधारतात, मूत्राशय सर्वांत मागून येते.

तोपर्यंत मूत्राशय तट्ट भरू द्यायचे नाही. कायमची नळी ठेवण्यापेक्षा दिवसातून चार ते सहा वेळा स्वतःच स्वच्छ नळी घालून लघवी काढणे चांगले, कारण त्यात जंतुसंसर्ग कमी होतो. एका वेळी ४०० ते ५०० मिलिलिटरच्या वर लघवी निघत असेल तर मधले अंतर कमी करावे. इच्छा झाली की जायचे, हे इथे चालत नाही, घड्याळ लावून जावे लागते. शिकवायला नर्सला अर्धा-पाऊण तास पुरतो. पहिल्या दिवशी सगळ्यांचे हात थरथरतात. ताप, थंडी किंवा गढूळ, उग्र वासाची लघवी दिसली तर लगेच दाखवावे. अधूनमधून मूत्रपिंडांची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिनची तपासणी हवी, कारण मागे तुंबणाऱ्या लघवीने मूत्रपिंडाला होणारी इजा दुखत नाही.

बद्धकोष्ठ आणि लैंगिक अडचणींबद्दल रुग्ण आपणहून बोलत नाहीत. डॉक्टरांनी विचारले नाही तर तुम्ही विचारा. दोन्हींवर उपचार आहेत.

तो हमालीचा रुग्ण पाच महिन्यांनी आला तेव्हा जोर देऊन थोडी लघवी होऊ लागली होती. नळी दिवसातून पाचऐवजी दोनदा लागत होती. वर्षाने लघवीनंतर १२० मिलिलिटर उरत होती आणि नळी सुटली होती. भरल्याची जाणीव मात्र परत आली नाही. तो आजही मोबाइलवर तीन तासांचा गजर लावतो. गजर वाजला की हातातली वही बाजूला ठेवून उठतो, कारण आता तो गोण्या उचलत नाही, मोजून लिहितो.